दुप्पट नव्हे, दीडपट; आणि गटात बसवणे म्हणजे शिकवणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शिक्षण पुरवणीतला ‘लेक्चर ऐकाल तर दुप्पट नापास व्हाल’ हा लेख वाचला. मथळा आकर्षक आहे, फक्त खरा नाही. तुमच्या लेखकाने ज्या संशोधनाचा दाखला दिला ते स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचे २०१४चे काम मूळातून वाचले असते, तर हे ‘दुप्पट’ आले कुठून ते कळले असते. तसदी घेतलेली दिसत नाही.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांतले २२५ अभ्यास या गटाने एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांकडून वर्गातच काम करून घेणाऱ्या वर्गात ते २१.८ टक्के होते. पहिल्याला दुसऱ्याने भागा, उत्तर १.५५ येते. म्हणजे दीडपट. मग दुप्पट कुठून आले? फ्रीमन यांच्या त्याच शोधनिबंधात ‘ऑड्स रेशो’ १.९५ दिला आहे, तो कोणीतरी ‘शक्यता दुप्पट’ असा वाचला. ऑड्स म्हणजे नापास भागिले पास. शंभरातले ३४ नापास आणि ६६ पास, म्हणजे ०.५१. दुसरीकडे २२ आणि ७८, म्हणजे ०.२८. यांचा भागाकार १.८ होतो आणि प्रत्येक अभ्यासाला त्याचे वजन देऊन मोजला की १.९५. घटना दुर्मीळ असेल तेव्हा ऑड्स आणि शक्यता जवळजवळ सारख्या असतात. तिसरा हिस्सा वर्ग नापास होत असेल तेव्हा नसतात. संख्याशास्त्राच्या पहिल्या सहामाहीत हे शिकवतात. व्याख्यान देऊनच शिकवतात, हा भाग वेगळा.

फरक लहान आहे असे मी म्हणत नाही. आपल्या १२० च्या डिव्हिजनला लावून पाहा, ४१ ऐवजी २६ नापास. पंधरा मुले कमी. मात्र ‘नापास’ या शब्दात डी आणि एफ श्रेणी आणि मधूनच विषय सोडून गेलेले, असे सगळे मिळून धरले होते, आणि वर्ग बहुतांश अमेरिकन. आपल्याकडच्या ‘एटीकेटी’शी ते सरळ जुळत नाही. परीक्षेच्या गुणांतली वाढ सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास आहे. पन्नासच्या आतल्या वर्गांत परिणाम जास्त दिसला. मोठ्या वर्गांतही दिसला, पण कमी. पुण्यातल्या प्राध्यापकाला हे शेवटचे वाक्य पहिले हवे होते. लेखात ते नाही.

आता छायाचित्राबद्दल. गोल टेबलाभोवती पाच मुले, मध्ये रंगीत चिठ्ठ्या आणि ओळ ‘सक्रिय अध्ययन’. आमच्याकडच्या वर्गात बाक जमिनीला बोल्टने आवळलेले असतात. पण अडचण बाकांची नाहीच. तुलनात्मक अभ्यासांत जे जिंकले ते नुसते ‘गट’ नव्हते, त्यांत नाना रीती होत्या. त्यांतली एक ठरावीक क्रमाची आहे. तो क्रम मोडला की काय होते तेही लिहिले पाहिजे होते.

एक प्रश्न घ्या. चेंडू सरळ वर फेकला, सर्वात वरच्या बिंदूवर त्याचे त्वरण किती? पर्याय चार: शून्य, g खाली, g वर, सांगता येत नाही. प्रत्येकाजवळ चार रंगांचा घडीचा एक कागद, म्हणजे मोबाइल नको, नेटवर्क नको. एक मिनिट गप्प राहून विचार, मग ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम रंग छातीशी धरायचा. डोक्यावर धरला की मागचा पुढच्याचे पाहून आपला रंग बदलतो. समजा १२० पैकी ५४ बरोबर आले, म्हणजे ४५ टक्के, आणि बहुतेक उरलेले ‘शून्य’वर. ही संख्या मुलांना अजून सांगायची नाही. सांगितली की चर्चा थांबते, सगळे बहुमताकडे सरकतात. आता विषम ओळी मागे वळतात, चार-चार जण बोलतात, दोन-तीन मिनिटे. पुन्हा रंग. बरोबर उत्तरे ८० टक्क्यांच्या पुढे गेली तर ‘वेग शून्य, पण वेगाचा बदल शून्य नाही’ एवढेच बोलून पुढे जायचे. एरिक माझूर यांच्या हार्वर्डमधल्या रीतीत साधारण नियम असा: पहिल्या फेरीत तीस टक्क्यांच्या खाली असेल तर चर्चा घ्यायचीच नाही, परत समजावून सांगायचे, म्हणजे तिथे व्याख्यानच. सत्तरच्या वर असेल तर चर्चेत वेळ घालवायचा नाही.

बहुतेक ठिकाणी गळते ती पहिली फेरी. ‘चला, शेजाऱ्याशी चर्चा करा’ म्हटले जाते. आधी स्वतःचे उत्तर ठरवलेले नसते, म्हणून जो आत्मविश्वासाने बोलतो त्याचे उत्तर बाकीचे उचलतात. बरोबर उत्तराला गुण ठेवले तर तेच अधिक जोरात होते. गुण द्यायचेच तर भाग घेतल्याचे द्यावेत. प्रश्नही व्याख्या विचारणारा असेल तर पहिल्याच फेरीत नव्वद टक्के बरोबर येतात आणि सगळी कसरत वाया जाते. २०११ मध्ये अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या यादृच्छिक निवडलेल्या अभ्यासक्रमांत तपासले तेव्हा शिक्षक सक्रिय पद्धत किती वापरतो याचा नैसर्गिक निवड किती समजली याच्याशी संबंधच आढळला नाही. यशाचे अभ्यास बहुधा पद्धतीत मुरलेल्यांनी केलेले असतात. नेहमीच्या वर्गात त्यातले नाव तेवढे पोहोचते. तुमच्या लेखात यशाचाच रकाना आहे.

एक तक्रार आणखी, तुम्ही नाही पण तुमचे वाचक असलेले प्राचार्य ऐकतील म्हणून. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तोच मजकूर दोन रीतींनी शिकवला. सक्रिय वर्गातल्यांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण ‘मला किती कळले’ या प्रश्नाला त्यांनीच कमी गुण दिले. गुळगुळीत व्याख्यान ऐकून कळल्यासारखे वाटते, झगडून शिकताना कळत नाही असे वाटते. आणि आपल्याकडे सत्राअखेर नॅकच्या फायलीसाठी जो अभिप्राय-फॉर्म भरून घेतात, त्यात हाच प्रश्न विचारून त्याची सरासरी शिक्षकाच्या मूल्यमापनात टाकतात! जो प्राध्यापक कागद वाटून प्रश्न विचारतो, त्याचा आकडा खाली जातो. फॉर्म भरून घेण्याऐवजी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच दहा प्रश्नांची संकल्पना-चाचणी घ्यावी, मधला फरक पाहावा. छपाईचा खर्च तेवढाच.

‘दुप्पट’ची दुरुस्ती छापाल ही अपेक्षा. मागच्या पत्रातला दुसरा परिच्छेद जागेअभावी कापला होता आणि पहिल्याचा अर्थ उलटा झाला होता. या वेळी कापायचेच असेल तर छायाचित्र कापावे.

कळावे,
एक वाचक, कोथरूड, पुणे