प्रशांतला वेळ अमावस्येला घेऊन येतोस म्हणून

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

प्रशांतला वेळ अमावस्येला शेतात आणणार म्हणालास, छान केलंस. पण त्याच दमात तू म्हणालास, "तो अडखळतो आई, पण मी असतो ना, लगेच शब्द सांगून टाकतो." त्यासाठी हे पत्र. हॉस्टेलच्या गोंगाटात फोनवर हे नीट बोलणं झालं नसतं.

तुझा बालाजीमामा लहानपणापासून अडखळतो. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, त्यामुळे आजीनं त्याच्या जिभेवर वेखंड उगाळून लावलेलं मला आठवतं. पण दोष जिभेत नसतो. बोलण्याच्या हालचालींचा मेळ मेंदू घालतो, तो मेळ मध्येच अडतो. बहुतेकांना हे दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं आणि पुष्कळदा घराण्यात आधी कुणाला तरी असतं. बऱ्याच लेकरांचं आपोआप जातं. मोठेपणी शंभरात साधारण एकाचं राहतं, त्यात पुरुष जास्त. प्रशांतला काय बोलायचं ते पक्कं ठाऊक असतं, फक्त शब्द बाहेर पडत नाही. मग तू शब्द पुरवून त्याला नवं काय देतोस?

मामाचं एक उदाहरण सांगते. हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायला बुरशीनाशक हवं होतं, म्हणून तो दुकानात गेला. "ब... ब..." वर अडला. दुकानदार माणूस भला, घाईघाईनं म्हणाला, "बियाणं?" मामानं मान हलवली. "बॅटरीचा पंप? बोरॉन?" आता बघ, मामाला आधी एकच शब्द काढायचा होता. आता प्रत्येक अंदाजाला आधी 'नाही' म्हणायचं आणि मग तोच 'ब' पुन्हा पहिल्यापासून लावायचा. तोवर मागं उभे असलेले लोक वाकून बघायला लागलेले. मामा "राहू द्या" म्हणाला आणि रिकाम्या हातानं आला. 'राहू द्या' मात्र सटकन निघालं, कारण ते भीतीचं अक्षर नव्हतं.

अंदाज बरोबर निघाला तरी बरं नसतं. समोरच्याला एवढंच कळतं की तुला थांबायला वेळ नाही. मग तो पुढच्या वेळी अडणारा शब्दच टाळतो. मामा लातूरहून एसटीनं मुरूडला जाताना ढोकीचं तिकीट काढायचा. 'म' निघायचा नाही, 'ढ' निघायचा. पैसे जास्त द्यायचा आणि मुरूडलाच उतरायचा. कंडक्टरला वाटायचं, हा माणूस किती सहज बोलतो!

स्वतःच्या नावाला मात्र बदली शब्द नसतो. म्हणून अडखळणारे बरेच जण नेमके नावावरच अडतात, आणि वेळ अमावस्येला शेतात येणारा प्रत्येक जण पहिलं काय विचारतो? "कुणाचा रे तू बाळा? नाव काय?" आपले आबा तर विचारणारच.

समज, प्रशांत 'प्र'वर अडला. ओठ मिटलेत, जबडा ताठलाय, कदाचित डोळेही मिटलेत. बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत शब्द निघतो, क्वचित पाच-सहा लागतात. तेवढ्यात तू त्याचं नाव सांगू नकोस. त्याच्याकडं जसा एरवी बघतोस तसाच बघत राहा. तो अडला की आपली नजर पटकन जमिनीकडं किंवा मोबाईलकडं जाते. आपल्याला वाटतं त्याला अवघडू नये म्हणून, पण त्याला वाटतं आपल्याकडं बघवत नाही. उलट टोक म्हणजे त्याच्या ओठांकडं टक लावून बसणं. तेही नको. भज्जी वाढता वाढता बोलत असशील तर वाढत राहा, मध्ये मध्ये बघ, जसं माझ्याशी बोलताना करतोस.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. "हं, हं, हं" करत भराभरा मान हलवणं ही घाईच असते. त्याच्या जोडीनं आपले ओठ हलवणंही तसंच. "सावकाश बोल, श्वास घे" हे तर तो लहानपणापासून ऐकत आला असेल. सावकाश व्हायचंच असेल तर तू हो. तुझं बोलणं थोडं संथ कर आणि त्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर दे. त्याचं अडखळणं त्यानं जाईल असं नाही, पण घाईचा दाब कमी होतो.

तो अडलाय की विचार करतोय, हे कसं ओळखायचं? विचार करणाऱ्याचं तोंड सैल असतं, नजर इकडंतिकडं फिरते. अडलेल्याचं तोंड त्या अक्षराच्या आकारात धरलेलं असतं. बोलणं संपलं की नजर तुझ्याकडं परत येते. आणि खरंच कळलं नाही तर कळल्यासारखं करू नकोस. "शेवटचं कळलं नाही, परत सांग," म्हण. मामाला खोट्या 'हो हो'चाच जास्त राग येतो.

आबा गमतीनं "नाव इसरलास का रे?" म्हणतीलच, त्यांची सवय आहे. भाषण देऊ नकोस. "सांगायलाय की आबा, ऐका," एवढं बास. चार जण एकदम बोलायला लागले आणि त्याचं वाक्य मध्येच तुटलं, तर "प्रशांतचं व्हायचंय अजून" म्हण. पण तो गप्प बसला असेल तर त्याला ओढून बोलायला लावू नकोस. तो यायच्या आधी घरात "त्याला नीट बोलता येत नाही" अशी दवंडीही नको. मी घरात कुणाला काही सांगितलेलं नाही, त्याला विचारून तूच ठरव.

विचारायचं म्हणजे हेही विचार की अडल्यावर त्याला काय बरं वाटतं. काहींना फार वेळ अडल्यावर शब्द सुचवलेला चालतो. तसं तो म्हणाला तर माझं सगळं बाजूला ठेव आणि त्याचं ऐक. तुम्ही दोघंच असताना साधेपणानं विचार.

कोपीभोवती फेरे मारत सगळे मिळून ओरडतो तेव्हा त्याचा आवाज मोकळा निघेल. सगळ्यांच्या सुरात बोलताना किंवा गाताना अडखळणं बहुधा थांबतं. मामा भजनात कधी अडत नाही. तेव्हा कुणीतरी "आत्ता कसा बोलला? मघाशी नाटक करायलास व्हय?" म्हणणारच. ते नाटक नसतं, एकटं बोलणं आणि जोडीनं बोलणं यात तेवढा फरक असतो. हे सांगायचं काम मामावर सोड, तो हौसेनं सांगतो, वेळ लावून सांगतो.

नांदेडहून निघताना फोन तूच कर. त्याच्या हातात देऊन "आईशी बोल" म्हणू नकोस. फोनवर चेहरा दिसत नाही, तो अडला की ऐकणाऱ्याला वाटतं रेंज गेली, आणि आपले बाबा "हॅलो, हॅलो" करून फोनच ठेवून देतात. त्यानं स्वतःहून मागितला तर दे, मी थांबेन. आंबील आंबट चालते का आणि तिखट कितपत खातो, तेवढं विचारून ठेव. शेतात रात्री थंडी असते, दोघांनीही जाड पांघरुणं आणा.

तुझी,
आई