खड्याचा व्हिडिओ आणि मागून येणारा उजेड

महोदय,

ऑनलाइन रत्नखरेदीबद्दल तक्रारी निघाल्या की चर्चा लगेच ‘खडा खरा की खोटा’ इकडे वळते. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असेल तर त्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी मिळतं. फसगत होते ती रंगात, आणि रंगाबद्दल अहवाल फारसं बोलत नाही. पैलू पाडण्याच्या कामात माझी हयात गेली आहे, म्हणून निळ्या नीलमाचंच उदाहरण घेऊन हे सविस्तर लिहितो.

माझ्या पुतणीने ऑनलाइन घेतलेला नीलम अंडाकृती, 8 बाय 6 मिलिमीटर, साडेचार मिलिमीटर खोल, वजन साधारण पावणेदोन कॅरेट असा होता. व्हिडिओत चिमट्यात धरून फिरवताना तो आतून पेटल्यासारखा निळा दिसत होता. हातात आला तेव्हा खिडकीपाशी गडद निळा आणि संध्याकाळी दिव्याखाली जवळजवळ काळा. खडा अस्सल होता, अहवालही बरोबर होता, व्हिडिओत रंग भरलेला नव्हता. फक्त दिवा खड्याच्या मागे ठेवला होता.

अंगठीत खड्याच्या मागे बोट असतं. उजेड वरूनच आत शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येतो आणि मग डोळ्यात जातो. म्हणजे खड्याची जाडी त्याला निदान दोनदा पार करावी लागते. मागून दिवा लावला की तोच उजेड एकदाच आरपार जातो. समजा, एका वेळी पाच भागांतला एकच भाग पार होतो. मग दोन वेळा जाताना पंचविसातला एक उरतो. फिक्या खड्यात हा फरक जाणवत नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या अनेक नीलमांसारख्या लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या गडद खड्यात तो निळा आणि काळा यांच्यातला फरक ठरतो. गडद खडे विकताना मागून दिवा इतक्या वेळा का वापरला जातो, ते यावरून लक्षात यावं.

दिवा मागे आहे हे व्हिडिओ थांबवून ओळखता येतं. खडा सोडून चिमट्याकडे बघा. चिमटा काळ्या सावलीसारखा आणि खडा मात्र झळाळतोय, तर उजेड मागून आहे. बोटांत धरला असेल तर बोटांच्या कडा लालसर उजळलेल्या दिसतात. उजेड समोरून असेल तर चिमट्याच्या धातूवर चमक दिसते, बोटांवरच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि खड्याच्या वरच्या सपाट पैलूत दिव्याचं प्रतिबिंब फिरताना दिसतं. कातडीचा रंगही बघा. हात नारिंगी झाला असेल तर रंग चढवलेले आहेत, निळसर-राखाडी झाला असेल तर कॅमेऱ्याचा पांढऱ्याचा हिशेब चुकलेला आहे. त्या हातातल्या खड्याच्या रंगावर भरवसा ठेवू नये.

पार्श्वभूमीनेही घोळ होतो. काळ्या मखमलीवर ठेवलेला खडा मोबाईल आपोआप जास्त उजळ करून टिपतो, कारण त्याला सगळं चित्रच अंधारं वाटतं. विक्रेत्याच्या मनात काही नसलं तरी हे घडतं. पांढऱ्या साध्या कागदावर मागितलेला फोटो जास्त कामाचा असतो, कारण कागद पिवळा किंवा निळा दिसला की गडबड लगेच कळते.

दुसरी बाब मधल्या फिकट डागाची. तळ उथळ पाडला की वरून आलेला उजेड परत फिरत नाही, खालून निघून जातो. उजेड परत फिरेल की निघून जाईल हे ठरवणारा कोन नीलमात साधारण साडेचौतीस अंशांचा आहे, तळाचे पैलू त्याहून चपटे असले की खड्याच्या मधोमध भोक पडल्यासारखी आरपार जागा दिसते. गडद खडा फिका दिसावा म्हणून कधी कधी मुद्दाम असं पाडतात, वजनही राखता येतं. सतत हलणाऱ्या व्हिडिओत झगमगाट इतका असतो की ती जागा डोळ्याला सापडत नाही. म्हणून छापील मजकुरावर खडा ठेवून, वरून सरळ बघत काही क्षण न हलवता केलेलं चित्रण मागावं. मधून अक्षरं वाचता आली तर तेवढ्या भागातून रंग परत येणार नाही.

माणकाची गोष्ट उलटी आहे. त्यातल्या क्रोमियममुळे लाल रंग पिवळ्या उजेडात खुलतो आणि ढगाळ दिवसाच्या उजेडात तेवढा खुलत नाही. म्हणून नीलम मागताना दिव्याखालचं चित्रण आग्रहाने मागावं, माणिक घेताना दिवसाच्या उजेडातलं. पाचूचा हिरवा आणि जांभळट छटा मात्र प्रामाणिक विक्रेत्याच्या कॅमेऱ्यातही नीट उतरत नाहीत. तिथे व्हिडिओ कितीही मागवा, शेवटी खडा हातात घेऊनच ठरवावं लागतं.

म्हणूनच परतीच्या अटी खरेदीचाच भाग धराव्यात. पुतणीच्या बाबतीत अट होती ‘वर्णनाशी न जुळल्यास परत’. वर्णनात लिहिलं होतं ‘निळा नीलम’ आणि खडा निळाच होता. अशा अटीत रंग पसंत न पडणं हे कारणच बसत नाही. ‘कारण न विचारता परत’ असे शब्द असतील तरच ती खरी परतीची अट. मुदत पाठवल्यापासून मोजली जाते की हातात मिळाल्यापासून, हेही विचारावं, नाहीतर सात दिवसांतले चार वाटेतच जातात. पैसे परत मिळणार की पुढच्या खरेदीत वळते होणार, आणि परतीचा विमा कोणी उतरवायचा, एवढं लेखी घ्यावं.

खडा आल्यावर पाकीट उघडताना अखंड चित्रण करावं आणि वजन काट्यावर दाखवावं. अहवालाचं सील असेल तर मुदत संपेपर्यंत ते फोडू नये, पारदर्शक पाकिटातूनही रंग पुरेसा कळतो. सील नसेल तर दोन बोटांच्या फटीत, मागून उजेड येणार नाही असा दाबून धरावा आणि त्याच दिवशी दोनदा बघावा. एकदा थेट ऊन नसलेल्या खिडकीपाशी, एकदा घरातल्या रोजच्या दिव्याखाली. दिव्याखाली निम्म्याहून जास्त भाग काळा राहत असेल तर परत पाठवावा. पैलू बदलून थोडा उजळ करता येईल असं विक्रेता म्हणाला तरी थांबू नये, कारण त्यात वजन जातं आणि परतीचा हक्कही जातो.

विक्री मंचांकडे माझी एकच मागणी आहे. ज्या खड्याचं चित्रण मागून उजेड देऊन केलं असेल, तिथे तसं स्पष्ट लिहावं आणि त्यासोबत समोरच्या उजेडातलं, न हलवता केलेलं एक चित्रण सक्तीचं करावं. त्याला विक्रेत्याचा अर्धा मिनिट जातो. आपल्या वृत्तपत्रात अशा विक्रीच्या जाहिराती येतात, तिथेही ही अट घालता येईल का, याचा विचार व्हावा.

आपला,
एक निवृत्त रत्न-कारागीर