सिस्टर, तुम्ही मला चार वाक्यं दिलीत

आदरणीय सिस्टर,

तुमच्या ओट्यावर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "चहा घे आणि दुकान उघड जाऊन" असं म्हणून मला पिटाळलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे. ज्याच्याविषयी हे पत्र आहे त्याला आधी वाचून दाखवलं. नाव आणि गाव घालू नको, बाकी लिही, म्हणाला. तेव्हा अमळनेर तालुक्यातला एक कापूस पिकवणारा शेतकरी, माझा शाळेपासूनचा मित्र, एवढीच त्याची ओळख.

भरीत पार्टीचे दिवस होते. आपल्याकडे थंडी पडली की दर आठवड्याला कुणाच्या तरी मळ्यात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि त्या धुराच्या आडोशाला बाटल्याही उघडतात. मित्र जेवायला बसतच नव्हता, नुसता पीत होता. मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझं ठरलेलं होतं. पुढच्या पार्टीत चार जणांसमोर त्याला धरायचं, बायको-पोरांची आठवण द्यायची आणि तिथल्या तिथे शपथ घ्यायला लावायची. तुम्ही हातातली मेथी निवडत सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारलात, "सकाळी उठल्यावर लागते का त्याला?"

मला वाटलं, प्रश्न सवयीचा आहे. तुम्ही मात्र पुरुषांच्या वॉर्डातलं सांगायला लागलात. पाय मोडला म्हणून माणूस भरती होतो, ऑपरेशन चांगलं होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तोच माणूस सलाइन उपटून काढतो, गादीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं लागलं. खरं तर रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम तुटलेली असते. शेवटचा घोट घेतल्यावर काही तासांतच हात कापायला लागतात आणि घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना असा भ्रम होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्याचा हात सकाळी पहिला पेला घेतल्यावरच स्थिर होतो, त्याला "आजपासून बंद" असं म्हणायचं नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. त्याला तुमची ना नव्हती. तुमचं म्हणणं एवढंच, की अशा माणसाने माळ घालायच्या आधी डॉक्टर गाठावा.

म्हणजे मी जी शपथ घ्यायला लावणार होतो, ती त्याने खरोखर पाळली असती तर घात झाला असता. आणि पाळली नसती तर? तेही तुम्हीच सांगितलंत. शपथ मोडली की माणूस आधी दारूपासून नाही, शपथ घ्यायला लावणाऱ्यापासून लांब पळतो. समोरून आलो तरी रस्ता बदलतो. मग त्याच्यापाशी कुणी उरत नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडून काय पाहिलंय ते वदवून घेतलंत. मी सांगत गेलो आणि तुम्ही गाळत गेलात. त्याच्या बायकोने माझ्या घरी येऊन सांगितलेलं सगळं बाद. ते तोंडातून निघालं तर त्या रात्री घरी तिचं काय होईल, असं विचारलंत तेव्हा मी गप्प झालो. गावात म्हणतात ते बाद. त्याचा बापही दारूनेच गेला. ते तर काढायचंच नाही, कारण "बापावर गेला" हे तो लहानपणापासून ऐकतो आहे आणि ते ऐकलं की गुत्त्याकडेच जातो. बेवडा, दारूडा, व्यसनी हे शब्द नकोत. "का पितोस?" हेही नको, कारण त्याचं उत्तर द्यायला लागला की तो पिण्याची वकिली करतो आणि स्वतःच्याच तोंडून स्वतःला पटवतो. शेवटी उरल्या दोन गोष्टी, माझ्या डोळ्यांदेखतच्या. बियाण्याच्या बिलाच्या पाठीवर तुम्ही मला लिहायला लावलंत ते असं:

"परवा बँकेत तुझ्या हाताला कंप होता, सही जुळत नव्हती. रात्रीची लाइट होती तेव्हा पाणी भरायला गेलास आणि सकाळी मला बांधावर पडलेला सापडलास. माले तुनी काळजी वाटस. कधी डॉक्टरला दाखवावंसं वाटलं तर मी येईन सोबत."

एवढंच? मला तर भाषण करायचं होतं! तुम्ही म्हणालात, एवढंच, आणि एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलंस की घरच्या कटकटीत जमा होशील, घरात ते रोज होतंच आहे. बोलून झालं की उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, कापसाचा भाव विचार. वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना, पण हात फारच कापत असतील तेव्हा नाही, कारण त्या वेळी त्याचं सगळं लक्ष पहिल्या घोटाकडे असतं. जागा अशी, की तिसरा माणूस नसावा आणि समोरासमोर बसावं लागू नये.

म्हणून मी शेत निवडलं. वेचणीच्या बाया यायच्या होत्या, आम्ही दोघं बांधावर एकाच दिशेला तोंड करून बसलो होतो. चहा झाला होता. मी चारही वाक्यं म्हटली. तिसरं म्हणताना आवाज जरा बसला, पण म्हटलं.

तो आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तू पण घेतोस की." मी म्हटलं, हो, घेतो. याचं उत्तर तुम्ही आधीच देऊन ठेवलं होतं: खरं असेल ते कबूल कर आणि हिशेब मांडू नकोस, माझे दोन, तुझे सहा असं तर मुळीच नको. मग त्याने मान वळवली आणि विचारलं, "घरच्यांनी पाठवलं का तुला?" सिस्टर, त्या क्षणी मला तुमचं गाळणं कळलं. मी म्हणू शकलो, "नाही. जे मी पाहिलं तेच बोललो." त्याला खोटं वाटलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतंच. बँकेत फॉर्म धरायला मीच होतो. नंतर मी कापसाचा भाव विचारला आणि त्याने व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. इतकं सहज, की वाटलं, ऐकलंच नाही याने.

पुढे बरेच दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. मी पुन्हा तुमच्या ओट्यावर. तुम्ही म्हणालात, मागे लागू नकोस, पण तोडूही नकोस. आखाजीला जायचास तसा जा, मात्र पेल्याला पेला लावायला बसू नकोस आणि दारूसाठी उसने मागितले तर नाही म्हण, कारण न सांगता. आखाजीला गेलो, पुरणपोळी खाल्ली, आमरस प्यालो, झोपाळ्यावर पोरींची गाणी चालली होती ती ऐकली. विषय निघाला नाही. मी काढला नाही. खरं सांगतो, जीभ चावून धरली होती.

एका गोष्टीत मात्र तुम्ही "एकदाच" हा नियम लावू दिला नाहीत आणि ते इथे मुद्दाम लिहितो, कारण वाचणारे तेवढंच एक धरून गप्प बसतील. प्यायलेला असताना तो मुलीला क्लासहून आणायला निघाला तर दर वेळी गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि मुलीला आपण आणायचं. तेव्हा दारूवर एक शब्द बोलायचा नाही. रक्ताची उलटी, फिट, डोळे पिवळे किंवा जगण्यात राम नाही अशी भाषा आली, तर काळजीची वाक्यं बाजूला ठेवून थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबरही तुम्ही माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलात. किल्ली मी काढून घेतली आहे. एकदा तो चिडला, एकदा नुसता बसून राहिला.

पेरणी उरकल्यावर तो संध्याकाळी दुकान बंद करताना आला. बी-खताचं काही नव्हतं. म्हणाला, "तू त्या दिवशी म्हणाला होतास ना, सोबत येईन." बस्स. म्हणजे ऐकलं होतं, शेवटचं वाक्य धरून ठेवलं होतं. तुम्ही ते वाक्य का घालायला लावलंत ते मला तेव्हा समजलं. आधीची तीन ऐकून माणूस अडचणीत येतो, चौथ्याने त्याला जायला जागा मिळते.

जळगावला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी विचारलं ते तुमचंच: किती, कधीपासून, सकाळी उठल्यावर लागते का, आधी कधी सोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं. याआधी त्याने एकट्याने सोडून पाहिली होती आणि दुसऱ्या दिवशी फिट आली होती, हे मला तिथे बसून पहिल्यांदा कळलं. घरच्यांनी ती उन्हाने आली असं समजून सोडून दिली होती. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली आणि कंप-घामावरच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत आणल्या. या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, दारूसोबत तर मुळीच नाहीत, हे त्यांनी आम्हा दोघांनाही बजावलं.

सगळं सुरळीत झालं असं लिहिणार नाही. एका लग्नाच्या हळदीत तो पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी मला ते त्यानेच सांगितलं, कुणाकडून कळायच्या आत. मी म्हटलं, डॉक्टरांची तारीख अलीकडे घ्यायची का? घेतली. शपथ घ्यायला लावली असती तर ही गोष्ट त्याने सर्वांत आधी माझ्यापासूनच लपवली असती. सध्या तो ओपीडीला जातो, तब्येत सुधारते आहे आणि बँकेत सही स्वतः करतो. पुढचं पुढे.

तुमचे आभार या सगळ्यासाठी. सर्वांत जास्त, माझं भाषण बिलाच्या पाठीवर मावेल इतकं कापून दिलंत त्यासाठी.

आणि एक काम आहे. बाजारातल्या एका टेम्पोवाल्याचा भाऊ काल दुकानात आला होता. माझ्या मित्राचं त्याच्या कानावर गेलं आहे आणि तीच चार वाक्यं मला लिहून दे म्हणाला. मी दिली नाहीत. त्याचा भाऊ पिऊन गाडी चालवतो, तिथे सुरुवात वेगळी करावी लागेल असं मला वाटतं, आणि त्याने काय पाहिलंय ते त्याच्याकडून तुम्हीच काढून घ्या. उद्या दुपारी चारनंतर पाठवू का? तोवर तुमची झोप झालेली असते.

तुमचा,
बाजारपेठेतला बियाणंवाला