दाखला नसला तरी पहिल्या दिवशी शाळेत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर जूनमध्ये शाळा उघडल्या की दुसऱ्या दिवशीच्या अंकात प्रवेशोत्सवाचे फोटो असतात. फुगे बांधलेली बैलगाडी, औक्षण, हातात गुलाब घेऊन बावरलेली पहिलीची मुलं आणि मागे ओळीने पाहुणे. आमच्या शाळेतही यंदा हे सगळं होईल. ते व्हावंच, फक्त पाहुण्यांची भाषणं जरा आवरती असावीत, पोरं उन्हात बसलेली असतात. पण त्या फोटोत जी मुलं दिसत नाहीत, त्यांचंही स्वागत कुणीतरी करायला हवं, म्हणून शाळा उघडण्याआधीच हे पत्र लिहिते आहे.

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करतात, काही आई-बापाबरोबर फडावर जातात. काही कुटुंबं वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे बांधकामावर जातात आणि दोन-दोन वर्षांनी गावात येतात. ही सगळी मुलं जूनमध्ये गावात असतात. तरी त्यांतली काही पहिल्या दिवशी शाळेत येत नाहीत. फाटकापर्यंत येतात, कुंपणावरून आत बघतात आणि परत जातात. विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "बाई, दाखला नाही."

म्हणून आधी दाखल्याबद्दल सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या पाचव्या कलमात लिहिलेलं आहे की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. मात्र दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. चौदावं कलम सांगतं की वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून मुलाला परत पाठवता येत नाही. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते आणि तीही नसेल तर पालकाने वयाबद्दल दिलेलं लेखी निवेदन चालतं.

हे प्रत्यक्षात कसं होतं, ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगते. मागे एकदा जुलै उजाडल्यावर आम्हाला कळलं की वस्तीवरचा एक नऊ वर्षांचा मुलगा घरीच आहे. आई-वडील दुसऱ्या जिल्ह्यात वीटभट्टीवर होते. तिथल्या एका खासगी शाळेत त्याची दुसरी झाली होती, पुढच्या वर्षी शाळा सुटली आणि फी बाकी होती म्हणून दाखला मिळाला नव्हता. वडिलांनी गावात कुणाला तरी विचारलं, त्याने "दाखल्याशिवाय नाव लागत नाही" म्हणून सांगितलं आणि विषय तिथंच संपला. आम्ही घरी गेलो तेव्हा वडील आमच्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, आम्ही दंड सांगायला आलोय.

दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन आले. त्यांच्याकडून साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज आणि वयाचं निवेदन घेतलं, अंगणवाडीच्या रजिस्टरमधली जन्मतारीख ताडून पाहिली आणि त्याच दिवशी नाव दाखलखारीज रजिस्टरला चढवलं. वय नऊ, म्हणून वर्ग चौथीचा. त्या दुपारची खिचडी त्याने पंगतीत बसून खाल्ली आणि कपाटात शिल्लक असलेला पुस्तकांचा संच घेऊन घरी गेला. दाखल्याचं मागणीपत्र आम्ही जुन्या शाळेला पाठवलं, ते काम आमचं. शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, म्हणजे यू-डायस प्लसवर, प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायमचा पेन क्रमांक असतो. जुन्या शाळेने मुलाला तिथून मोकळं केलं की तो क्रमांक आणि जन्मतारीख टाकून नवी शाळा त्याला आपल्याकडे घेऊ शकते. जुनी शाळा मोकळं करत नाही, तोवर मूल ऑनलाइन तिकडेच दिसत राहतं. त्यासाठी फोन करावे लागतात, केंद्रप्रमुखांना सांगावं लागतं, कधी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. त्या मुलाचं ऑनलाइन काम व्हायला दिवाळी उजाडली. पण तो जुलैपासून वर्गात बसत होता.

आता माझ्याच व्यवसायबंधूंबद्दल थोडं. कायदा सगळ्यांना माहीत आहे, तरी "आधी कागद आणा" असं काही शाळा का म्हणतात? कारण शिक्षक किती मिळायचे ते ठरवणारी संचमान्यता पटावर होते आणि पट मोजताना आधार जुळलेली मुलं धरली जातात. आधारवर आडनाव एक, शाळेत दुसरं, जन्मतारखेत वर्षाचा फरक, अशी मुलं आमच्याकडे पुष्कळ. अशा मुलाला घेतलं तर काम वाढतं आणि तो मोजला जाईल याची खात्री नसते. मुख्याध्यापकाची अडचण खरी आहे, मी रोज तिच्यातच बसलेली असते. पण ती शाळेची आणि कार्यालयाची अडचण. तिच्यापायी मुलाला फाटकाबाहेर उभं करायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

दुसरी भीती मुलांची स्वतःची असते, ती कागदाने जात नाही. "मी सगळं विसरलो, मला हसतील." हे फडावरून आलेल्या मुलाला वाटतं तसंच मामाच्या गावाला सुट्टी घालवून आलेल्यालाही वाटतं. त्याबद्दल मुलांशीच थेट बोलते.

मुलांनो, सुट्टीत विसरायला होतं आणि काय विसरतं तेही आम्हाला साधारण माहीत असतं. वाचताना आधी घसरतात ती जोडाक्षरं. 'क्रम' आणि 'कर्म' सारखेच वाचले जातात, 'सूर्य'मधला रफार गळतो. म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही नवा धडा घाईने काढत नाही. एकेकाला जवळ बसवून अक्षर, शब्द, वाक्य आणि छोटा उतारा वाचायला देतो. सगळ्या वर्गाने एका सुरात वाचलं की ज्याला येत नाही तोही सुरात सूर मिसळतो आणि बाईंना काही कळत नाही, म्हणून एकेकाला. त्याचे मार्क नसतात. कुणाला कुठून सुरुवात करायची, एवढंच त्यातून ठरतं.

गणिताचंही तसंच. वर सांगितलेल्या मुलाला ५२ मधून २७ वजा करायला दिले, तेव्हा त्याने उत्तर लिहिलं ३५. ही निष्काळजी चूक नाही. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ घालवले आणि पुढे ५ मधून २. नियम पाठ होता, त्यामागचं कारण निसटलं होतं. आम्ही फळ्यावर काही सांगितलं नाही. बाजरीच्या सरमाडाच्या काड्या घेतल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे बांधले आणि दोन सुट्या ठेवल्या. म्हटलं, "यातल्या सत्तावीस मला दे." दोन गठ्ठे त्याने लगेच दिले. सात सुट्या मागितल्यावर हातातल्या दोन काड्यांकडे बघत बसला, मग स्वतःच एका गठ्ठ्याची दोरी सोडली. आता सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे उरले दोन. "पंचवीस," तो म्हणाला आणि पाटीवरचे ३५ कुणी न सांगता पुसले.

खरंच समजलं का, हे बघायला त्याच्या पुढच्या दिवशी शून्याचं उदाहरण द्यायचं, ४० मधून १८. पाठांतर असेल तर उत्तर ३८ येतं. गठ्ठा सोडायची गरज कळली असेल तर २२. त्या मुलाचं पहिल्यांदा ३८ आलं, काड्या पुन्हा काढाव्या लागल्या. असं दोन-तीनदा होतं, त्यात वेगळं काही नाही.

जे मूल वयाप्रमाणे चौथीत बसलं पण दुसरीचंही पक्कं नाही, त्याच्यासाठी कायद्यात विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, कमीत कमी तीन महिने, लागलं तर दोन वर्षांपर्यंत. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून हे करणं ओढाताणीचं असतं आणि ती दरवेळी पुरी पडते असं मी म्हणणार नाही. तरी मुलाला खालच्या वर्गात लहानांमध्ये बसवण्यापेक्षा हेच बरं. उंच मूल लहानांत बसलं की महिन्याभरात शाळेत यायचं बंद होतं, हे आमच्या भागातल्या कुठल्याही गुरुजींना विचारा.

पालकांना एवढंच सांगते. मुलाला नुसतं पाठवा. पुस्तकं शाळेत मिळतील, गणवेश यायला थोडा उशीर झाला तर घरचे धुतलेले कपडे चालतील. आधार, रेशनकार्ड, मागच्या शाळेचं गुणपत्रक, बाहेरगावी जाताना दिलेलं शिक्षण हमी कार्ड, यांतलं जे घरात सापडेल ते सोबत द्या. नाही सापडलं तर तसं सांगा. कुणी सरकारी किंवा अनुदानित शाळेने दाखल्याअभावी परत पाठवलं, तर वाद घालत बसू नका. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच मागा. पोच मागितली की बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे नाव लागतं. नाहीच लागलं तर ती प्रत घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

आणि मुलांनो, जूनच्या मध्यावर शाळा उघडते आहे. विदर्भातल्या तुमच्या मित्रांची उन्हामुळे आणखी आठवडाभर उशिरा उघडेल, त्यांचा हेवा करू नका. येताना पाटी आणा, असेल तर मागच्या वर्षीची अर्धी कोरी वहीही आणा. फाटकाशी थांबायचं नाही, सरळ आत यायचं. काड्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत.

आपली,
एक मुख्याध्यापिका, जि. बीड