पंचवटीतल्या रेकॉर्डवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून छापत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानते आहे. तुम्ही आई-बाबांसाठी जे केलंत, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांसाठी करावंसं आणखी कुणालाही वाटेल.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी मागणी सोपी होती. बाबांचा जन्म 1941चा, आईचा 1945चा, लग्न 1966च्या मे महिन्यातलं. साखरपुडा ते लग्न या दिवसांतली गाणी एका संध्याकाळी दोघांना ऐकवायची होती. मला वाटलं, तुम्ही कपाट उघडाल आणि रेकॉर्डी काढून द्याल. तुम्ही मलाच प्रश्न विचारायला लागलात. रेडिओ कुणाच्या घरी होता? गाणं कानावर कुठे पडायचं? सिनेमाला कोण सोडायचं? आवडतं गाणं कोणतं, हे मात्र तुम्ही विचारलंच नाहीत. "ते विचारलं की माणूस सगळ्या जगाला आवडणारी चार नावं सांगतो. जागा विचारा, गाणं आपोआप येतं," म्हणालात.

आणि खरंच तसं झालं. बाबा रविवार कारंज्याजवळच्या वाड्यात वाढले. वाड्यात रेडिओ एकच, शेजाऱ्यांचा, आणि बुधवारी रात्री आठ वाजता ओटीवर सगळी पोरं गोळा व्हायची, रेडिओ सिलोनवरची अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायला. आईच्या माहेरी हिंदी सिनेमाची गाणी चालत नसत. तिथे मुंबई आकाशवाणीवरची 'आपली आवड' आणि भावगीतं. हिंदी गाणी तिने ऐकली ती गणपतीतल्या कर्ण्यांवर, नाहीतर वरातीतल्या बँडवर. म्हणजे दोघांचं तारुण्य एकाच गावात गेलं, पण गाणी वेगवेगळी! तुम्ही कागदावर दोन रकाने केलेत. बाबांच्या रकान्यात 'ताजमहल'मधलं 'जो वादा किया' पहिलं, कारण 1963 सालच्या गीतमालेत ते वर्षभरात अव्वल ठरलं होतं आणि बाबांना ते पायदान अजून पाठ आहे. आईच्या रकान्यात अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचं 'शुक्रतारा मंद वारा'. मधली जागा तुम्ही मोकळी ठेवलीत, दोघांनी एकत्र ऐकलेल्या गाण्यांसाठी. तिथे शेवटपर्यंत तीनच गाणी आली. तीही 'जब जब फूल खिले'ची, कारण साखरपुड्यानंतर धाकट्या मामाला मध्ये बसवून दोघांनी पाहिलेला तो सिनेमा. नंदा मास्टर विनायकांची मुलगी, म्हणून आजोबांनी परवानगी दिली होती म्हणे.

दुसरी गोष्ट मला आयुष्यात सुचली नसती. गाणी मोबाइलवर शोधून लावली तर काय बिघडतं, असं मी विचारलं, तर तुम्ही एकच गाणं मला तीनदा ऐकवलंत. पहिल्यात मागे कुणीतरी नंतर चिकटवलेले ढोलताशे होते, नव्वदच्या दशकातला तो 'झंकार' प्रकार. दुसऱ्यात गायकच दुसरा होता, आवाज बराचसा तसाच, पण तो नव्हे. तिसरं सिनेमातून उतरवलेलं. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो आणि टीव्हीच्या एका पद्धतीत त्या पंचवीस होतात, म्हणून गाणं जरा घाईत जातं आणि सूर थोडा चढतो, हे तुम्ही समजावलंत. माझ्या कानाला फरक लागला नाही. बाबांना लागला असता.

शिवाय सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं एक नसतं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. मग गाणं लांबलं तर कडवं गाळायचं किंवा दोन बाजूंना वाटायचं. रेडिओवर वाजायची ती तबकडी. "त्यांच्या डोक्यात रेडिओवरचं गाणं आहे, पडद्यावरचं नाही," म्हणून तुम्ही आपल्या रेकॉर्डींवरून एकेक गाणं उतरवून पेनड्राइव्हवर दिलंत. खरखर काढली नाहीत. ती काढताना आवाजातला श्वासही जातो, म्हणालात, आणि मला ते पटलं.

कानांचं तुम्ही सांगितलं नसतं तर सगळी मेहनत फुकट गेली असती. म्हातारपणी आधी वरचे, बारीक स्वर जातात. त्यामुळे शब्द अस्पष्ट होतात आणि आपण आवाज वाढवतो. त्याने शब्द काही कळत नाहीत, उलट कानाला टोचतं. तुमच्या सांगण्यावरून पंखा बंद केला, स्पीकर त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, कानाच्या उंचीला ठेवला, बारीक स्वर किंचित वाढवले आणि आवाज बोलण्याइतकाच ठेवला. बाबांचं श्रवणयंत्र बोलणं ऐकायला बेतलेलं. बासरीचा लांब सूर आला की त्याला ती शिट्टी वाटते आणि ते सूर दाबायला बघतं. त्याच्यात संगीतासाठी वेगळी सोय निघाली. घेतल्यापासून ती कुणी लावलीच नव्हती!

रविवारी संध्याकाळी दिवे लागल्यावर बसलो. तुम्ही सांगितलंत तसं एक गाणं संपलं की थांबायचं आणि कुणी विचारेपर्यंत पुढचं लावायचं नाही. दोन तासांत अर्ध्या तासाचीही गाणी वाजली नाहीत. बाकीचा वेळ ती दोघं बोलत होती. बहुतेक वेळा सुरुवातीच्या वाद्यांवरच आई सुरू व्हायची, गायकाने तोंड उघडायच्या आत. 'ये समाँ, समाँ है ये प्यार का' लागलं तेव्हा तिला सिनेमा आठवला नाही. आठवलं ते हे, की मध्यंतरात बाबांनी मामासाठी दोन आणि तिच्यासाठी एकच बटाटावडा आणला होता. बाबा म्हणाले, "खिशात तेवढेच होते." एवढ्या वर्षांत तिला हे पहिल्यांदाच कळलं.

मग भांडण. बाबांच्या मते साखरपुड्याच्या दिवशी, 1965च्या डिसेंबरात, शेजारच्या मांडवात 'बहारों फूल बरसाओ' वाजत होतं. आई म्हणाली, शक्यच नाही, ते 'सूरज'चं, आणि 'सूरज' आपल्या लग्नाच्या वर्षी आला. बाबा म्हणाले, मग वरातीत वाजलं असेल. आई म्हणाली, "वरातीत? बँडवाल्यांना ते येत नव्हतं, तुमच्या भावाने पैसे पुढे केले तरी आलं नाही." पुढचा अर्धा तास वरात, बँड आणि रुसलेले काका. सिनेमाच्या आधीच रेकॉर्डी बाजारात यायच्या, हे तुमच्याकडून ऐकलं होतं, पण मी गप्प बसले. भांडण लागलं तर निवाडा करू नका, अशी तुमची ताकीद होती.

एक गाणं मात्र तुम्ही यादीतून स्वतःहून काढलंत. आईचा मोठा भाऊ त्याच सुमाराला गेला, हे माझ्या बोलण्यातून सहज निघालं होतं. त्या वर्षी गावभर वाजणारं ते रडकं गाणं तिच्यासमोर लावू नका, तिने मागितलं तरच लावा, म्हणालात. तिने मागितलं नाही.

पेनड्राइव्ह परत आणून देते. बाबाही सोबत येणार आहेत, डिसेंबरात 'बहारों'ची रेकॉर्ड निघाली होती का, हे तुम्हाला विचारायला. त्यांनी कितीही गळ घातली तरी उत्तर देऊ नका. आईने तसं निक्षून सांगितलंय.

तुमची,
पुष्कळ ऋणी असलेली एक नाशिककर