दापोलीचे अडीच दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मुरूडच्या रिसॉर्टचं बुकिंग झालं. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी जेवून निघायचं. दादा, वहिनी, ओवी, चिनू, आम्ही तिघं आणि तुम्ही, असे नऊजण आहोत. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी मनात राहिलेली एक गोष्ट. मागच्या सहलीत आम्ही सगळे पाण्यात होतो आणि आई, तू दोन तास आमच्या चपला आणि फोन राखत वाळूवर बसून होतीस. परतताना फोटो बघितले तर एकातही तू नव्हतीस. म्हणून या वेळी मी आधी तुमचा दिवस आखला आणि मुलांचा त्याभोवती बसवला. सामान रिसेप्शनला ठेवायचं, राखण कुणीच करायची नाही.

तिथल्या बोटवाल्याने भरती काढायचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. शनिवारी संकष्टी, म्हणजे चतुर्थी. चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तास पुढे सरकतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याला तेवढं पुरतं.

शनिवारचं सगळं याच हिशेबावर आहे. सकाळी आठ-नऊला पाणी लांब गेलेलं असेल आणि ओली वाळू घट्ट असेल. बाबा, तुमच्या गुडघ्याला कोरड्या वाळूत त्रास होतो, पाय रुततो. ओल्या वाळूवर तुम्ही काठी घेऊन आरामात चालाल. चालायचं नसेल तर घोडागाडी आहे, चिनूला सोबत घ्या. तिथेच मुलांचं क्रिकेट होईल, ओवीला सायकल मिळेल. दहानंतर पाणी चढायला लागतं, तेव्हा पोरांनी डुंबायचं, तेही गुडघाभर पाण्यात आणि दादा समोर उभा असताना. संध्याकाळी मात्र कुणी पाण्यात जायचं नाही. त्या वेळी पाणी ओसरत असतं आणि आत ओढतं. ओवी हट्ट करेल, पण बाबा, तुम्ही तिची बाजू घेऊ नका.

दुपारी चारला दोन वाटा. आई, तुझी संकष्टी आहे आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती जवळच आहे. पूर्वी खाडी होडीने ओलांडून कडा चढावा लागायचा. आता पूल झालाय आणि गाडी देवळाजवळ जाते. उजव्या सोंडेचा गणपती आहे. बाबा, देवळाच्या आवारातून सुवर्णदुर्ग दिसतो, तुम्ही तिथेच बसा. संकष्टीची गर्दी असेल म्हणून साडेचारलाच पोचू. दादा आणि ओवी त्या वेळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जातील. मासे आणले तरी ते रविवारच्या जेवणाला, शनिवारी नाही.

जेवणाचं दोनदा बोलून घेतलं. तिथलं स्वयंपाकघर साडेनऊला बंद होतं. चंद्रोदय नऊच्या आसपास धरला तर तुझं पान वाढायला उशीर होणार. त्यांनी मोदक आणि वरणभात झाकून ठेवायचं कबूल केलंय. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बाबांनी मात्र तुझ्यासाठी थांबायचं नाही. त्यांची गोळी आहे, त्यांचं ताट आठलाच.

रविवारी सकाळी डॉल्फिन बघायला बोट आहे. ओहोटीला बोट लांब उभी राहते, तिथवर पाण्यातून चालत जाऊन वर चढावं लागतं. तुम्ही दोघं त्यात नाही, हे स्पष्टच लिहिते. त्या दोन तासांत चिनू तुमच्याकडे असेल, पण सांभाळायला वहिनीही थांबणार आहे. आई, मागच्या वाडीतली बाई दहा वाजता सोलकढी करून दाखवणार आहे, तुला आवडेल. बाबांना पत्ते आणि आरामखुर्ची. निघताना आसूदच्या केशवराजाला जाऊ असं दादा म्हणत होता. पायऱ्या खूप आहेत, मी नाही म्हटलं.

खोली तळमजल्यावरची घेतलीय. बाथरूमचा फोटो मागवला तेव्हा कळलं, कमोड आहे पण धरायला दांडी नाही आणि उंबरा वीतभर उंच आहे. दांडी बसवून देतो म्हणालेत. बुधवारी पुन्हा फोटो मागवेन. दिसली नाही तर खोली बदलून घेईन.

ताम्हिणी उतरताना आईला मळमळतं, तेव्हा पुढच्या सीटवर बसव आणि निघायच्या अर्धा तास आधी तिची गोळी दे, असं दादाला सांगितलंय. बॅगेत बॅटरी आणि बाबांच्या गोळ्या तीन दिवसांच्या नाही, पाच दिवसांच्या ठेवा. आई, ती निळी साडी आण. या वेळी फोटो मी काढणार आहे.

तुमची,
मनू