त्या दोन ओळींबद्दल

प्रिय मंग्या,

तुझा मेसेज वाचला, "टीममधल्या ताईंकडे वाईट झालंय, दोन ओळी लिहून दे". अरे पण कोण गेलं, कसं गेलं, ताईंच्या घरी काय पाळतात, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. सासरे गेले असतील तर एक लिहायचं, नवरा गेला असेल तर वेगळं, आणि पोटातलं बाळ गेलं असेल तर "मृतात्म्यास शांती लाभो" वाचून त्या बाईला काय वाटेल सांग.

म्हणून आत्ता हे पाठव, कुठेच अडणार नाही:

"ताई, बातमी कळली. फार वाईट वाटलं. काय बोलावं सुचत नाहीये. रिप्लाय द्यायची काही गरज नाही. या महिन्याचं रिपोर्टचं काम मी बघतो, तुम्ही घरचं बघा."

यात मुद्दाम नातं नाही, कारण नाही, देव नाही, आत्मा नाही. रिपोर्टचं मात्र खरंच करणार असशील तरच लिही. "काही लागलं तर सांगा" लिहिलंस तर सांगायचं ओझं त्यांच्यावरच पडतं, आणि अशा वेळी कोणी सांगत नाही रे.

"वय झालं होतं, सुटले" किंवा "देवाची इच्छा" हे तर कितीही मायेनं लिहावंसं वाटलं तरी नको. जाणारा तरुण असेल किंवा त्याने स्वतःच जीव दिला असेल तर ते वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आणि "कसं झालं?" हे मेसेजवर विचारूच नकोस.

आता माहिती कशी काढायची, तर ताईंना नाही, त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला विचार, आणि घरच्यांनी ग्रुपवर जो मेसेज टाकलाय तो नीट वाच. त्यात दशक्रिया, तेराव्याचा उल्लेख असेल तर "ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो" चालेल. पण नावाआधी कालकथित लिहिलंय आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, तर घर बौद्ध आहे. तिथे आत्मा, सद्गती, कैलासवासी काहीच नको. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही हेही आहे, आणि अमर आत्मा तर बुद्धाच्या शिकवणीतच बसत नाही. तिथे "विनम्र अभिवादन, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत" एवढं लिही. मुसलमान घर असेल आणि त्यांची अरबी ओळ तुला नीट येत नसेल तर कॉपी-पेस्ट करू नकोस, साध्या मराठीतच लिही, त्यांना आपलेपणा कळतो. मेसेज वाचूनही अंदाज येत नसेल तर वर दिलेलाच राहू दे, काही बिघडत नाही.

आणि भेटायला कधी जायचं तेही त्याच माणसाला विचार, काही घरी सुतकात लोक येतात-जातात, काहींना तेव्हा कोणी नको असतं. गेलेल्या माणसाला तू ओळखत असशील, एखादी आठवण असेल, तर मला फोन कर, ती आपण एका वाक्यात घालू.

तुझा,
सुन्या